पुष्पाबाईच्या डब्यातली बाटली

पौषातली धुई अशी दाटली होती की गोठ्यातल्या म्हशीचं तोंड दिसे, शेपटी दिसत नसे. पुष्पाबाईनं अंदाजानंच बादली खाली सरकवली, धार काढली, शेण उचललं, अंगण झाडलं, आणि सहाच्या आत चूल पेटवून नवऱ्याच्या अंघोळीचं पाणी ठेवलं. एरवी पुंजाजी थंडीत अंघोळ म्हटलं की गोधडीत आणखी आत जायचा. पण त्या दिवशी मेहकरला त्याच्या डोळ्याची पट्टी सुटणार होती. आदल्या दिवशी तिथल्या शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरनं डोक्यावरून पाणी घ्यायला साफ मनाई केली होती. पुंजाजीनं ती मनाई मानेपासून पायापर्यंत लागू करून टाकली.

"डॉक्टरनं फक्त डोक्याचं सांगतलं," पुष्पाबाई म्हणाली.

"डोकं काय वेगळं हाय काय? खालूनच तं जोडलेलं हाय."

पुष्पाबाई कोण, हे सांगायला हवं. दुसरबीडकडं जाणाऱ्या रस्त्याच्या फाट्यापासून आत असलेल्या त्या गावात तिचं नाव निघालं की माणसं आपोआप हातातली पिशवी तपासायची. वीस वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. लेकरांच्या खाऊची पाकिटं उतरवून घेताना तारीख आणि शिवण पाहायचं काम तिच्याकडं. इंग्रजी अक्षर तिला एक वाचता येत नव्हतं, पण आकडे आणि महिने ती दुरून ओळखायची. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. तेलाची पिशवी ती दाबून पाही, चहाचा पुडा कानाशी नेऊन हलवी, बियाण्याच्या पोत्याची शिवण बोटानं मोजी. एकदा व्याह्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या डब्यावरची तारीख तिनं त्यांच्यासमोरच वाचली होती. तेव्हापासून व्याही केळी आणतात.

तर मेहकरला पट्टी सुटली. पुंजाजीला दोन वर्षांनी नीट दिसायला लागलं, आणि तोच सगळ्या गोंधळाचा आरंभ झाला.

डॉक्टरनं थेंब लिहून दिले. दिवसातून सहा वेळा, आणि ते कमी कमी करत सहा आठवडे. दवाखान्याखालच्या दुकानात गर्दी मोठी, एसटी सुटायला आलेली, म्हणून पुष्पाबाईनं विचार केला, आपल्या फाट्यावर इंद्रभानचं मेडिकल आहेच. त्याच शिबिरातून गावातले आणखी सहा म्हातारे ऑपरेशन करून आले होते. ते सगळे इंद्रभानकडूनच औषध नेणार होते, म्हणजे त्यानं ते ठेवलेलं असणारच.

इंद्रभान माणूस वाईट नव्हता. रीतसर शिकलेला फार्मासिस्ट, भिंतीवर परवाना, खाली लक्ष्मीचा फोटो. त्याची एक रीत होती. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांत जोर नसतो, म्हणून तो औषधाचं टोपण स्वतःच उघडून द्यायचा. डोळ्याच्या थेंबाची बाटली असली तर टोपण घट्ट पिळून आतल्या काट्यानं नळीला भोक पाडून द्यायचा. "फोडून देऊ काय?" असं तो विचारी, नारळवाल्यासारखं. लोकांना ती त्याची माया वाटायची.

"काकू, फोडून देऊ काय?" त्यानं पुष्पाबाईलाही विचारलं.

"नको बाप्पा. माह्ये हात शाबूत हायेत."

एरवी ती तिथंच काउंटरवर खोकं उघडून पाहती. पण काळा चष्मा लावलेला पुंजाजी मागून पुढं आला, चष्मा जरासा खाली केला, आणि इंद्रभानकडं टक लावून म्हणाला, "इंद्रभान, तुह्ये केस कुठं गेले बे?"

बाकावर बसलेले उद्धवआबा हसून हसून खोकायला लागले. इंद्रभानचा हात डोक्यावर गेला. "दोन साल झाले जाऊन, काका."

"मले कोनी सांगतलं नाई."

"तुमाले दिसत असन असं वाटलं सगळ्याइले."

त्या हसण्यात पुष्पाबाईनं खोकं आणि बिल पिशवीत टाकलं आणि नवऱ्याला दंडाला धरून घराकडं चालती झाली. वीस वर्षांत पहिल्यांदा वस्तू न पाहता घेतली. ती ह्या गोष्टीसाठी नवऱ्याला अजून माफ करत नाही.

घरी आल्यावर साबणानं हात धुऊन तिनं खोकं उघडलं. बाटलीच्या टोपणाखाली जे प्लास्टिकचं कडं असतं, पहिल्यांदा उघडताना कडकन तुटतं ते, आधीच तुटून सैल फिरत होतं. तिनं टोपण काढलं आणि बाटली जरा वाकवली. भोक न पाडताच एक थेंब तिच्या तळहातावर पडला.

मग तिनं तारीख पाहिली. संपायचा महिना तोच, चालू होता तो.

"टाक ना वो," खाटेवर आडवा पडून, डोळा छताकडं करून पुंजाजी म्हणाला. "मान दुखून राह्यली."

"उठा. नाई टाकत."

"काऊन?"

"कोनीतरी आधी उघडली हाय."

"मंग बरं झालं ना, तुह्ये कष्ट वाचले."

पुष्पाबाईनं दवाखान्याच्या कागदावरच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ती बाटली डोळ्यात अजिबात घालू नका, ताज्या ऑपरेशनच्या डोळ्याला जंतू लागले तर डोळ्यावर बेतेल. सील असलेली नवी आणा, आजचा दिवस मात्र चुकवू नका. आणि जुनी फेकू नका.

पुष्पाबाईनं बाटली, खोकं आणि आतला घडीचा कागद स्वच्छ फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला. डबा उतरंडीपाशी, थंड कोपऱ्यात. झाकणावर वरवंटा. मग ती परत फाट्यावर गेली.

"इंद्रभान, हेच औषध दुसरं दे. पैसे घे, बिल दे."

"काऊन काकू? ते सांडलं काय?"

"त्याचं सील तुटेल होतं."

इंद्रभानचा चेहरा पडला, मग लगेच सावरला. "मंग पैसे कायले? बदलून देतो ना. आना इकडं जुनी."

"ते घरी हाय. ते घरीच राहीन."

बदलून घेतली की जुनी बाटली त्याच्या हातात जाणार, आणि मग तुटलेलं सील फक्त आपल्या बोलण्यात उरणार, हे तिला अंगणवाडीनं शिकवलं होतं. किडक्या डाळीचं पोतं एकदा ठेकेदारानं 'बदलून देतो' म्हणून नेलं होतं. नंतर ते पोतं कधी अस्तित्वातच नव्हतं.

"आता काकू, घरी तुमीच उघडली असन तं?" इंद्रभान जरा चढ्या आवाजात म्हणाला.

उद्धवआबा अजून बाकावरच होते. ते सकाळी औषधाला येतात आणि संध्याकाळपर्यंत घेत नाहीत. ते म्हणाले, "तिनं नको म्हटलं होतं, इंद्रभान. माह्यासमोर."

"आबा, तुमाले ऐकू येते काय?"

"नाई येत. पन तिनं मान हालवलेली दिसली."

पुष्पाबाईनं नवी बाटली मात्र काउंटरवरच खोकं उघडून पाहिली. कडं शाबूत. तारीख पुढच्या वर्षाची. बॅचचा नंबर आधीच्यापेक्षा वेगळा. तो नंबर बिलावर लिहिलाय का, हे तिनं आकड्यावर आकडा ठेवून पाहिलं. मागं तीन गिऱ्हाइकं ताटकळली होती.

घरी येऊन पुंजाजीच्या डोळ्यात पहिला थेंब पडला तेव्हा तो म्हणाला, "थंडगार हाय." तेवढ्यावर तो गोष्ट संपवायला तयार होता. पुष्पाबाई नव्हती. ती बाटली त्या दुकानातल्या फळीवरून आली होती, आणि त्याच फळीवरून आणखी सहा डोळ्यांना औषध जाणार होतं. त्यातली शेवंताबाई तर एकटीच राहते. तिला सील दाखवणार कोण?

संध्याकाळी दीर गोविंदा आला. गोविंदाला कोणतीही अडचण दिसली की तो आधी तिचा फोटो काढतो. त्यानं बाटलीचा, बिलाचा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो काढला, आणि पुष्पाबाई चहा टाकेपर्यंत गावच्या ग्रुपवर पाठवूनही दिला. खाली लिहिलं: फाट्यावरचे विषारी थेंब, डोळे जातात, सावधान. शिवाय इंटरनेटवर शोधून कंपनीचा म्हणून एक नंबर काढला आणि तिथं तक्रार नोंदवली. दहाच मिनिटांत पुष्पाबाईच्या मोबाइलवर फोन आला. पलीकडचा माणूस गोड हिंदीत म्हणाला, मॅडम, पूरे पैसे वापस मिलेंगे, बस मोबाइल पर जो नंबर आया है वो बोलिए.

पुष्पाबाईनं विचारलं, "बाटलीचं सील तुटलं ते सांगाले माह्या बँकेचा आकडा कायले लागते बे?"

"मॅडम, प्रोसेस है."

"तुह्या घरी हाय काय कोनी मोठं? त्याइच्याकडं दे फोन."

फोन बंद झाला. खोक्यावर कंपनीचा नंबर छापलेला होता. गोविंदानं चष्मा लावून तो पाहिला. तो वेगळाच निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी पुष्पाबाई वासंती मॅडमकडं गेली. वासंती मॅडम गावच्या शाळेत शिक्षिका. मूळच्या मलकापूरच्या, बोलायला शुद्ध, अर्ज लिहायला त्याहून शुद्ध. त्यांनी आधी गोविंदालाच बोलावून घेतलं.

"हे काढून टाका ग्रुपवरून."

"काऊन मॅडम? खरं हाय ते."

"सील तुटलेलं आहे, एवढं खरं आहे. विषारी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? तपासलंत? उद्या इंद्रभान उलटा तुमच्यावर बदनामीचा अर्ज करेल आणि तुमची वहिनी तुमच्या जामिनाला फिरेल. शिवाय चिठ्ठीवर भाऊंचं नाव, आजार, फोन नंबर, सगळं गावभर केलंत."

"गावाले माहीतच हाय, मोतीबिंदू हाय ते."

"आज मोतीबिंदू आहे. उद्या दुसरं काही असेल आणि तेही तुम्ही टाकाल."

गोविंदानं नाइलाजानं काढलं. मग मॅडमनी अर्ज लिहायला घेतला. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय निवेदन करण्यात येते की' इथपर्यंत आल्या तेव्हा पुष्पाबाईनं हात वर केला.

"मॅडम, याच्यात बाटली कवा येईन?"

"येईल, पुढच्या परिच्छेदात."

"तिथपर्यंत साहेब वाचन काय?"

मॅडम हसल्या आणि त्यांनी कागद बदलला. पुष्पाबाईनं सांगितलं तसं साधं लिहिलं. अमुक तारखेला अमुक दुकानातून अमुक औषध घेतलं. बॅच नंबर हा, संपायची तारीख ही. घरी खोकं उघडलं तेव्हा कडं तुटलेलं आणि नळीला भोक पडलेलं होतं. औषध वापरलेलं नाही. बाटली, खोकं, बिल जपून ठेवलं आहे. फळीवर आणखी अशा बाटल्या आहेत का ते पाहावं.

"आन तारखेचं लिहा ना जोरात," पुष्पाबाई म्हणाली. "तोच महिना हाय."

"तिथं इंद्रभान बरोबर आहे. छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध विकता येतं. पण सहा आठवड्यांच्या औषधाला तीन आठवड्यांत मुदत संपणारी बाटली देताना सांगायला हवं होतं, एवढंच लिहू. आपली खरी तक्रार सीलची. जे पक्कं आहे त्यावरच उभं राहायचं."

पुष्पाबाईला हे पटलं. तारखेचं तिला वाईट वाटलं खरं. वीस वर्षं तिनं तारखेवर माणसं धरली होती, आणि इथं तारीखच ढिली निघाली.

अर्जाच्या तीन प्रती झाल्या. एक बुलढाण्याला अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात औषध निरीक्षकांच्या नावानं, पोचपावतीच्या टपालानं. मॅडमनी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन लावून तक्रार नोंदवली आणि मिळालेला नंबर पुष्पाबाईनं कॅलेंडरवर, गॅस आल्याच्या तारखेखाली लिहिला. दुसरी प्रत घरी. तिसरी घेऊन ती स्वतः इंद्रभानकडं गेली.

"याच्यावर मिळाली म्हणून लिहून दे, शिक्का मार."

इंद्रभाननं अर्ज दोनदा वाचला. "काकू, आपलं इतकं घरच्यासारखं. तुमच्या नातीले, छकुलीले, रात्री ताप आला होता तवा शटर उघडलं होतं मी."

"हाव. ते मी अजून इसरली नाई. म्हनूनच आधी तुले देऊन राह्यली कागद, पाठीमागून नाई."

"मंग बाटली वापस द्या ना. माह्या डोळ्यासमोर फेकून देऊ. मिटलं."

"तुह्या फळीवर अजून किती हायेत तशा?"

इंद्रभाननं मिळाली म्हणून लिहिलं. शिक्का मारला, तोही तिरपा.

पुढचे सहा दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. जो येई तो बाटली मागे. पोलीस पाटील म्हणाला, माझ्याकडं जमा करा. इंद्रभानचा चुलता म्हणाला, नुसती पाहतो. शेजारणी म्हणाल्या, झाकण तरी उघडून दाखवा. पुष्पाबाईनं वरवंटा काढला नाही. मग लोक थट्टा करायला लागले. "काय वो, आरोपीले जेवन देता की नाई?" "जमानत कवा हाय?" पुंजाजीला तर फाट्यावर कोणीतरी विचारलं की तुम्ही सुटलात का, बाटली अजून आत आहे म्हणे. पुंजाजी नव्या डोळ्यानं त्या माणसाकडं निरखून पाहत म्हणाला, "तुह्यीबी मिशी पांढरी झाली बे."

पुष्पाबाई हसली नाही. तिला आतून भीती होती. अर्ज कोणी वाचलाच नाही तर? बाटली डब्यातच म्हातारी होईल, इंद्रभान दुखावलेला राहील, आणि रात्री कोणाला ताप आला तर शटर उघडणार नाही. सहा म्हाताऱ्यांकडं ती स्वतः जाऊन आली होती. पाच जणांनी सांगितलं, कडं आपल्याच हातानं कडकन तुटलं. शेवंताबाईनं सांगितलं, "इंद्रभाननं मले फोडून देल्ली. लय चांगला पोरगा हाय." तिच्या समोर फोडली, की आधीच फुटलेली दिली? शेवंताबाईला ते सांगता येईना. पुष्पाबाईनं तिला नवी आणून दिली आणि तिचीही बाटली डब्यात नेऊन ठेवली. आता आरोपी दोन झाले.

सातव्या दिवशी पांढरी गाडी दारात थांबली. पंजाबी ड्रेस घातलेली, चाळिशीतली बाई उतरली. "मी मंजुश्री, औषध निरीक्षक. ती बाटली पाहायची आहे."

"कार्ड दाखवा."

सोबतच्या शिपायानं घसा खाकरला. बाईंनी मात्र ओळखपत्र काढून दिलं. पुष्पाबाईनं फोटो पाहिला, बाईंकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. "याच्यात तुमी बारीक दिसता."

"बारा वर्षांपूर्वीचा आहे."

"ह्याची तारीख पाहू."

तारीख ठीक होती. मग वरवंटा निघाला. मंजुश्रीबाईंनी बाटल्या उजेडात धरल्या, कडी पाहिली, बिलाशी नंबर जुळवले आणि सगळं लिहून घेतलं. पुष्पाबाई म्हणाली, "नेता तं पावती द्या," आणि बाईंनी ती आधीच लिहायला घेतली होती.

"एक सांगते," बाई म्हणाल्या. "उघडलेल्या बाटलीत काय गेलं, ते कुठून गेलं, हे नुसत्या ह्या बाटलीवरून सिद्ध करणं कठीण. म्हणून त्याच बॅचच्या सीलबंद बाटल्या दुकानातून घेऊन तपासायला पाठवू. पण तुम्ही वापरली नाहीत आणि खोक्यासकट ठेवलीत, त्यामुळं शोधायचं कुठं ते कळलं."

सगळे फाट्यावर गेले. गाव आधीच तिथं होतं. मंजुश्रीबाईंनी फळीवरचं एकेक खोकं उघडायला लावलं. तेव्हा इंद्रभानच्याच हातात एक खोकं आलं, कडं तुटलेलं, आणि तो मटकन स्टुलावर बसला.

"मॅडम, हे मीच फोडली," तो म्हणाला. "मंगळवारी एका म्हाताऱ्याले फोडून देल्ली. त्याच्या चिठ्ठीत कानाचं औषध होतं, मले डोळ्याचं वाटलं. त्यानं वापस केली. काउंटरवर ठेवली, अन बायकोनं आवरताना खोक्यात घालून फळीवर लावली. तशीच एखादी दुसरी काकूले गेली असन." मग तो हळूच म्हणाला, "मी किती जनाले अशा फोडून देल्ल्या अन वापस घेतल्या, ते मलेबी याद नाई."

उद्धवआबांना सगळं ऐकू आलं नाही, पण इंद्रभानची मान खाली गेलेली दिसली. ते म्हणाले, "पोट्ट्या, मायेपायीच केलं ना तू."

"मायेनंच आबा. पन डोळा गेला असता तं?"

मंजुश्रीबाईंनी पंचनामा केला, उघड्या बाटल्या वेगळ्या बंद केल्या, नमुने सील केले आणि कारणे दाखवा नोटीस येईल असं सांगितलं. परत आलेलं औषध विक्रीच्या फळीवर ठेवायचं नाही, त्याला वेगळा डबा, हेही त्यांनी समोर लिहून घेतलं. जाता जाता म्हणाल्या, उघडून द्यायचंच असेल तर गिऱ्हाइकानं शाबूत सील पाहिल्यावर, आणि ते परत घ्यायचं नाही.

तेव्हापासून इंद्रभानच्या दुकानात वेगळाच ताप झाला. तो प्रत्येक खोकं काउंटरवर उघडतो, कडं दाखवतो, बोट ठेवून तारीख वाचायला लावतो. डोकेदुखीच्या गोळीलासुद्धा. रांग पार रस्त्यापर्यंत जाते. रांगेतले लोक इंद्रभानला काही म्हणत नाहीत, पुष्पाबाईच्या नावानं बोटं मोडतात. ती रांगेत असली तर तिच्या तोंडावर.

"काकू, पाहा बरं नीट," इंद्रभान तिला मुद्दाम मोठ्यानं म्हणतो. "कडं शाबूत हाय? तारीख वाचा. मोठ्यानं."

ती वाचते. मोठ्यानं. मग बिल मागते.

सहावा आठवडा लागला तेव्हा थेंब दिवसातून एकदाच उरला होता. मेहकरच्या डॉक्टरनं डोळा स्वच्छ असल्याचं सांगितलं होतं. दुपारी पुंजाजी खाटेवर आडवा झाला, पुष्पाबाईनं हात धुतले, एक थेंब सोडला आणि पापणी मिटायला सांगितली.

"शेवंताचा डोळा कसा हाय?" पुंजाजीनं डोळा मिटूनच विचारलं.

"बरा हाय. सुईत दोरा घालून राह्यली."

"मंग त्या इंद्रभानले सांग ना आता, लवकर लवकर देत जा म्हना. काल माह्ये पाय दुखले रांगेत."

"नाई सांगत," ती म्हणाली. तेवढ्यात बाहेर नळाला पाणी आल्याची हाक झाली. तिनं टोपण घट्ट लावलं, बाटली फळीवर ठेवली आणि दोन्ही हातांत हंडे घेऊन नळाकडं निघाली.